२५ ब्रासच्या स्लॅबला क्यूब किती भरायचे?

"अमळनेर तालुक्यात शाळेच्या इमारतीचं काम चालू आहे. पहिल्या मजल्याचा स्लॅब आणि बीम मिळून मुकादमाच्या हिशोबाने २५ ब्रास माल लागतो, एम२५. साइटवरच दोन मिक्सर लावून सकाळी सुरू करू, रात्रीपर्यंत चालेल. त्याआधी कॉलम आहेत, एम३० चे, साधारण ९ घनमीटर. मिस्त्री म्हणतो स्लॅबला सहा क्यूब, कायम तेवढेच भरले. मी कोडच्या तक्त्यात २५ पाहिलं तर तीन सॅम्पल निघाली. कन्सल्टंटचा माणूस पंधरा क्यूब मागतोय. कोणाचं खरं धरायचं? सात दिवसांचे क्यूब यातच येतात का? स्लॅब दोन दिवसांत ओतला तर आकडा बदलेल का? आमच्याकडे साचे सहाच आहेत."

भाऊ, कन्सल्टंटच्या माणसाचं खरं. कमीत कमी पाच सॅम्पल, म्हणजे २८ दिवसांचे पंधरा क्यूब. सात दिवसांचे यात येत नाहीत, ते वरचे. तक्ता तुम्ही बरोबर वाचलात, पण त्यात घातलेला आकडा चुकीच्या मापाचा होता. तक्ता घनमीटरमध्ये आहे आणि तुम्ही २५ ब्रास घेऊन गेलात.

आपल्याकडे हे नेहमी होतं, कारण वाळू, खडी, माती सगळं ब्रासमध्येच येतं आणि मुकादमाच्या डोक्यात तेच माप बसलेलं असतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. २५ ब्रास म्हणजे जवळपास ७१ घनमीटर. आता तक्ता पुन्हा पाहा. आयएस ४५६:२००० च्या १५ व्या कलमात प्रत्येक ग्रेडसाठी किमान सॅम्पल दिली आहेत: ५ घनमीटरपर्यंत एक, १५ पर्यंत दोन, ३० पर्यंत तीन, ५० पर्यंत चार, आणि त्यापुढे प्रत्येक जादा ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी एक. ७१ मधले पहिले ५० चार सॅम्पलमध्ये गेले. उरलेले २१ हा पुढच्या पन्नासाचा भाग, त्याचं एक. एकूण पाच.

मुकादमाचा ब्रास कोणता, हेही एकदा विचारून घ्या. सेंटरिंग आणि प्लास्टरवाले १०० चौरस फुटालाही ब्रासच म्हणतात. तो क्षेत्रफळाचा ब्रास असेल तर सगळा हिशोबच वेगळा. म्हणून खरा उपाय एकच, ड्रॉइंगवरून घनमीटर स्वतः काढा. तुमचा प्लॅन माझ्यासमोर नाही, तेव्हा २५ ब्रासच्या आसपास बसेल असा स्लॅब धरतो.

स्लॅब २४ मीटर बाय १६ मीटर, जाडी १२५ मिलिमीटर. ३८४ चौरस मीटर गुणिले ०.१२५ म्हणजे ४८ घनमीटर. बीम २३० बाय ६००. लांबीकडून चार ओळी २४ मीटरच्या, आडव्या सात ओळी १६ मीटरच्या, मिळून २०८ मीटर. बीमच्या ६०० पैकी वरचे १२५ स्लॅबमध्ये आधीच मोजले आहेत, म्हणून खालचे ४७५ च धरायचे: २०८ × ०.२३ × ०.४७५ म्हणजे २२.७ घनमीटर. एकूण ७०.७. बीम जिथे एकमेकांना छेदतात तिथे थोडं दोनदा मोजलं जातं, पण ते एका घनमीटरच्या आत आहे, सॅम्पलच्या संख्येला त्याने फरक पडत नाही. बीम विसरलात तर मात्र पडतो. नुसता स्लॅब ४८ घनमीटर, तक्त्यात चारच सॅम्पल दिसतात आणि पाचवं राहून जातं. घाईत क्षेत्रफळ गुणिले जाडी करून मोकळं होणारे बरेच आहेत.

उलट बाजूचा घोटाळा १.५४ चा. सिमेंट-वाळू-खडी मागवताना कोरड्या मालाचं आकारमान काढायला ओल्याला १.५४ ने गुणतात, आणि तोच आकडा पुढे सगळीकडे फिरत राहतो. ७०.७ चे असे १०९ झाले तर तक्त्यात सहा सॅम्पल दिसतील. जास्त भरल्याने बिघडत काही नाही, पण तक्त्यातलं आकारमान हे सेंटरिंगमध्ये बसलेल्या काँक्रीटचं असतं, ढिगातल्या मालाचं नव्हे.

तक्त्यात १ ते ५, मग ६ ते १५ असं लिहिलं आहे. मधल्या ५.४ चं काय, असा वाद साइटवर होतोच. अशा वेळी वरच्या टप्प्यात जा. रोजचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवत असाल तर `A2` मध्ये घनमीटर टाका आणि शेजारच्या खान्यात हे:

```
=IF(A2<=5,1,IF(A2<=15,2,IF(A2<=30,3,IF(A2<=50,4,4+ROUNDUP((A2-50)/50,0)))))
```

उत्तर सॅम्पलमध्ये येईल. त्याला तीनने गुणलं की २८ दिवसांचे क्यूब.

आता मिस्त्रीचे सहा. हा आकडा कोडमधून आलेला नाही, साच्यांमधून आलेला आहे. बहुतेक छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे सहा साचे असतात, तुमच्याकडेही सहाच आहेत. क्यूब भरला की चोवीस तासांच्या आत साचा उघडता येत नाही, म्हणून दिवसाला सहा क्यूब भरून झाले की हात थांबतो. पुढे तीच रीत होऊन बसते, तीन सात दिवसांना, तीन अठ्ठावीस दिवसांना. आणि ते सहाही क्यूब बहुधा सकाळच्या एकाच बॅचमधून भरलेले असतात. म्हणजे कागदावर सहा क्यूब, कोडच्या नजरेत सॅम्पल एकच.

सॅम्पल आणि क्यूब यातला हा फरक नीट धरून ठेवा, कारण सगळा गोंधळ इथूनच होतो. सॅम्पल म्हणजे एका बॅचमधून एका वेळी घेतलेला माल. त्याच्यातून तीन क्यूब भरायचे, २८ दिवसांनी तिन्ही फोडायचे, त्यांची सरासरी हा त्या सॅम्पलचा एक निकाल. एकाच बॅचमधून तीसच्या तीस क्यूब भरलेत तरी तुम्हाला कळतं ते त्या एका बॅचबद्दलच. शितावरून भाताची परीक्षा एका पातेल्यापुरती चालते, आणि इथे पातेली पाचशे आहेत. कशी ते सांगतो. डिझाइन मिक्समध्ये घनमीटरला ३६० किलो सिमेंट असेल तर एका पोत्यात ०.१३९ घनमीटर काँक्रीट निघतं. एका पोत्याच्या मिक्सरवर ७०.७ घनमीटरला ५०९ बॅच होतात. त्यातल्या फक्त पाच तुम्ही तपासणार आहात. म्हणून त्या पाच कुठून घेता यालाच खरी किंमत आहे, आणि माझ्या अनुभवात क्यूबची संख्या बरोबर असलेल्या साइटही इथेच गंडतात.

कोड म्हणतो की प्रत्येक बॅचला तपासलं जाण्याची वाजवी संधी असली पाहिजे, सॅम्पल ओतण्याच्या सगळ्या वेळेवर पसरलेली हवीत आणि सगळे मिक्सर त्यात आले पाहिजेत. शिवाय प्रत्येक पाळीतून किमान एक. ५०९ चे पाच वाटे केले तर एका वाट्याला साधारण शंभर बॅच येतात. मी असं करतो: आदल्या संध्याकाळी १ ते १०० आकड्यांच्या चिठ्ठ्या करून पाच वेळा एक उचलायची, उचललेली परत टाकायची. समजा निघाले ३७, ८२, ९, ५४, ७१. मग सॅम्पल घ्यायचं ३७ व्या, १८२ व्या, २०९ व्या, ३५४ व्या आणि ४७१ व्या पोत्याला. पोती मोजायला सिमेंटच्या थप्पीजवळ एक माणूस वहीत रेघा ओढत बसवायचा. तसाही तो बसलेलाच असतो, सिमेंटचा हिशोब ठेवायला. दोन मिक्सर आहेत, तेव्हा दोघांची पोती एकाच वहीत मोजा आणि पाचपैकी तीन सॅम्पल एकातून, दोन दुसऱ्यातून पडतील असं पाहा. चिठ्ठ्यांचे आकडे मिस्त्रीला आधी सांगू नका. सांगितलेत तर नेमक्या त्या पोत्याला पाणी मापाने पडेल आणि बाकी सगळ्यांना अंदाजाने.

फक्त दिवसाची अगदी पहिली बॅच टाळा. कोरड्या ड्रमला तिच्यातला सिमेंट-वाळूचा रस चिकटतो आणि बाहेर खडी जास्त पडते, त्या मालावरून काही कळत नाही.

पसरून घेण्याचं कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात डोळ्यांनी दिसतं. सकाळी सातला गिरणेच्या वाळूच्या ढिगाचा वरचा थर कोरडा असतो, खाली फावडं गेलं की ओल लागते. ढीग उपसत जाल तसं वाळूतलं पाणी बदलतं, आणि मिक्सरवाला पाणी आहे तेवढंच टाकत राहिला तर बॅच पातळ होत जाते. दुपारी दोनला उलट होतं. ऊन ४४-४५ वर, पत्रे आणि सळई हाताला बसत नाहीत, माल स्लॅबवर पोचेपर्यंत घट्ट होतो आणि वरून आवाज येतो, "पाणी वाढव रे." ते जादा मगभर पाणी सकाळच्या क्यूबमध्ये कधीच दिसणार नाही. रात्री आठला गडी दमलेले असतात, मापाची फरी नीट सपाट करायला कोणी थांबत नाही. तुम्हाला ज्या बॅचबद्दल शंका हवी त्या या दुपारच्या आणि रात्रीच्या, आणि क्यूब भरले जातात सकाळी साहेब साइटवर असताना.

सॅम्पल घेताना ड्रम उलटला की पडत्या मालातून तीनदा थोडं थोडं घ्या, सुरुवातीचं आणि तळाचं सोडून. तीन क्यूबला दहा लिटरच्या आसपास काँक्रीट लागतं, म्हणून पंधरा-सोळा लिटर घ्या. घमेल्यांतला माल न शोषणाऱ्या पत्र्यावर एकत्र करून फावड्याने पुन्हा एकदा खालवर करा आणि मग साचे भरा. साधारण ५० मिलिमीटरचे तीन थर, दर थराला ठासणीच्या सळईचे ३५ ठोके. साच्याचे बोल्ट आधी आवळलेले हवेत. सांध्यातून रस गळाला की क्यूबच्या कडेला खडी उघडी पडते आणि तो क्यूब फोडण्याआधीच गेलेला असतो.

प्रत्येक सॅम्पलपुढे वहीत चार गोष्टी लिहा: वेळ, पोत्याचा क्रमांक, मिक्सर कोणता आणि तो माल स्लॅबच्या कोणत्या भागात गेला. शेवटची सगळे विसरतात. एखाद्या सॅम्पलचा निकाल फार खाली आला तर कोडच्या हिशोबाने त्या एका निकालामुळे फक्त ती बॅच संशयात येते. पण ती बॅच दुसऱ्या बीमवर पडली की गच्चीच्या कोपऱ्यात, हे लिहिलेलं नसेल तर सगळा स्लॅबच संशयात येतो, आणि कोअर कुठे काढायचा हेही कोणी सांगू शकत नाही.

आता सात दिवसांचे. कोडमध्ये सॅम्पलचे तीन क्यूब २८ दिवसांसाठीच आहेत. सात दिवसांची ताकद, सेंटरिंग काढण्याच्या वेळची ताकद, यासाठी लागणारे क्यूब जादा. बरेच कन्सल्टंट प्रत्येक सॅम्पलचे सहा मागतात, तीन सातला आणि तीन अठ्ठावीसला. तसं केलं तर तुमचे पाच गुणिले सहा, तीस होतात. टेंडरमध्ये तसं लिहिलं असेल तर वाद घालू नका, तीस भरा. लिहिलं नसेल तर मला एवढे गरजेचे वाटत नाहीत. सात दिवसांचा निकाल हा इशारा असतो, त्यावर काँक्रीट पास किंवा नापास होत नाही. पाचपैकी दोन सॅम्पलमधून, एक सकाळचं आणि एक दुपारचं, तीन-तीन जादा भरा. ते झाले सहा. शिवाय तीन क्यूब असे ठेवा जे टाकीत न जाता स्लॅबवरच, स्लॅबसारख्याच गोणपाटाखाली आणि तेवढ्याच पाण्यावर राहतील. सपोर्ट काढायच्या दिवशी हे फोडले की प्रत्यक्ष स्लॅबचा अंदाज येतो. एकूण पंधरा अधिक सहा अधिक तीन, चोवीस.

म्हणजे त्या एका दिवसात चोवीस साचे लागणार, तुमच्याकडे सहा आहेत. जळगाव किंवा धुळ्याच्या ज्या लॅबमध्ये क्यूब फोडणार तिथे विचारा, किंवा शेजारच्या साइटवरून मागून आणा. आणल्यावर गुण्याने चारही कोपरे तपासा. उसने साचे बहुतेक वेळा हातोडीने ठोकून वाकडे झालेले असतात.

स्लॅब दोन दिवसांत ओतला तर? समजा एका दिवशी ३८ आणि दुसऱ्या दिवशी ३२.७ घनमीटर. तक्त्यातला शब्द "कामातलं काँक्रीट" असा आहे, त्यामुळे शब्दाला धरून बसणारा म्हणेल की एकूण ७०.७, पाचच सॅम्पल, फक्त दोन्ही दिवशी किमान एक पाहिजे. मी प्रत्येक दिवसाचं ओतकाम वेगळं धरतो: ३८ ला चार, ३२.७ ला चार, एकूण आठ सॅम्पल, चोवीस क्यूब. कारण दुसऱ्या दिवशी सिमेंटचा लॉट बदललेला असू शकतो, वाळूचा ढीग नवा, कधी मिक्सरवालाही नवा. आणि खालच्या हिशोबात दिसेल की चारचा गट पुरा होणं तुमच्याच फायद्याचं आहे. मात्र हा माझा निर्णय आहे, कोडची सक्ती नाही. कन्सल्टंटशी आधी बोलून लेखी घ्या.

फायद्याचं कसं ते पाहा. एम२५ साठी पास-नापासची अट दुहेरी आहे. लागोपाठच्या चार निकालांची सरासरी ठरावीक आकड्यावर हवी आणि प्रत्येक निकाल ठरावीक आकड्याखाली जाता कामा नये. तुमच्या साइटचं स्टँडर्ड डेव्हिएशन अजून ठरलेलं नाही, म्हणून कोडचं गृहीत ४ घ्यायचं. २५ मध्ये ०.८२५ गुणिले ४ मिळवले की २८.३, जवळच्या अर्ध्यापर्यंत २८.५. दुसरा पर्याय २५ अधिक ३, म्हणजे २८. दोन्हींतला मोठा घ्यायचा, तेव्हा चारच्या सरासरीला २८.५ आणि एकेका निकालाला २५ वजा ३, म्हणजे २२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. ही २०१३ च्या दुरुस्तीनंतरची अट आहे. जुन्या छापील प्रतीत एम२० पासून पुढे ४ चा आकडा आहे, तो धरू नका.

समजा पाच सॅम्पलचे निकाल आले: ३०.४, २७.१, २९.६, २८.८ आणि २६.२. पहिल्या चारांची सरासरी २८.९७, म्हणजे २८.५ च्या वर. एकही २२ च्या खाली नाही. गट पास. पाचवा २६.२ एकट्याने २२ च्या वर आहे, तोही ठीक, पण सरासरीसाठी तो पुढच्या स्लॅबच्या पहिल्या तीन निकालांबरोबर गटात जाईल, अर्थात मिक्स तेच असेल तर. गट एकमेकांवर चढवायचे नाहीत. दुसरा ते पाचवा असा सोयीचा गट करून नवीन सरासरी काढणं कोडमध्ये बसत नाही.

आता हेच काँक्रीट मिस्त्रीच्या सहा क्यूबवर तोला. उदार होऊन धरू की त्याने दोन वेगळ्या बॅचमधून तीन-तीन भरले आणि ते पहिले दोन निकाल होते, ३०.४ आणि २७.१. ३० घनमीटरपर्यंतच्या कामात सॅम्पल चारपेक्षा कमी असतात, तिथे कोडची अट आणखी कडक होते: सगळ्यांची सरासरी ग्रेडपेक्षा ४ ने वर, म्हणजे २९, आणि एकही निकाल २३ च्या खाली नको. दोघांची सरासरी २८.७५. नापास. सॅम्पल एकच असेल तर त्या एकट्यालाच २९ गाठावे लागतात, २७.१ चं सॅम्पल हाती आलं असतं तर तेही नापास. ७१ घनमीटरला ही छोट्या कामाची सवलत मुळातच लागू नाही, तिथे दोन सॅम्पल म्हणजे सरळ अपुरी तपासणी. पण मुद्दा दिसतो. कमी क्यूब भरून कॉन्ट्रॅक्टर आपला धोका कमी करतोय असं त्याला वाटतं, आणि चांगलं काँक्रीट नापास व्हायची पाळी तोच आणतो.

तुमच्या कॉलमना हीच छोट्या कामाची अट लागते. ९ घनमीटर एम३० म्हणजे दोन सॅम्पल, सहा क्यूब. ग्रेड वेगळी, म्हणून ते स्लॅबच्या हिशोबात मिसळायचे नाहीत. सरासरी ३४ हवी आणि एकही निकाल २८ च्या खाली नको. कॉलम तुम्ही एका दिवसात भरणार नाही, हे उघड आहे. तीन दिवस चालले तर रोज किमान एक सॅम्पल, म्हणजे तीन, नऊ क्यूब. हे काम मिस्त्रीच्या सहा साच्यांत आरामात बसतं.

पंधरा हा किमान आकडा आहे आणि त्यात एखादं सॅम्पल बाद होऊ शकतं, हेही धरून चाला. एका सॅम्पलचे तीन क्यूब एकमेकांशी जुळले पाहिजेत. कोणताही क्यूब तिघांच्या सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा जास्त दूर गेला तर सगळं सॅम्पलच बाद. समजा ३१.२, २९.८ आणि २३.१ आले. सरासरी २८.०३, तिचे १५ टक्के ४.२, म्हणजे खालची हद्द २३.८. तिसरा क्यूब त्याखाली गेला. इथे लॅबमधला मुलगा सांगेल, "तो वाईट क्यूब सोडा, दोघांची सरासरी घेऊ, ३०.५ येते." ते करू नका. तिन्ही बाद होतात, सॅम्पलचा निकालच उरत नाही. असा क्यूब बहुधा काँक्रीटमुळे पडत नाही. साच्यातून रस गळालेला असतो, ठासणी अर्धवट झालेली असते, किंवा मशीनमध्ये वरची खरबरीत बाजू प्लेटकडे करून ठेवलेला असतो. फोडताना क्यूब आडवा ठेवायचा, साच्याला टेकलेल्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर भार यायला हवा. पाच सॅम्पलमधलं एक असं गेलं तरी चारचा गट शिल्लक राहतो. चार घेतली असती आणि एक गेलं असतं तर गटच झाला नसता.

मे महिन्यात क्यूब बिघडायची आणखी एक जागा म्हणजे पहिली रात्र. भरलेले साचे स्लॅबच्या कडेला उन्हात ठेवून सगळे जेवायला जातात. पहिले चोवीस तास ते सावलीत, ओल्या गोणपाटाखाली हवेत, २७ अंशांच्या आसपास. नंतर साचा उघडून क्यूब टाकीत. टाकीही शेडखाली. उघड्यावरच्या लोखंडी टाकीत भुसावळ-जळगावच्या उन्हात दुपारी पाणी हाताला गरम लागतं, आणि त्यातून निघालेले क्यूब तुमच्या काँक्रीटपेक्षा त्या टाकीबद्दल जास्त सांगतात. पाणी आठवड्याला बदला. लॅबला नेतानाही ओल्या पोत्यात गुंडाळून न्या. वाळलेला क्यूब आणि ओला क्यूब वेगळा आकडा देतात, आणि कोडला ओला हवा असतो.

कन्सल्टंट म्हणून रिपोर्ट हातात आला की मी आधी सरासरी पाहत नाही, पाच निकालांमधलं अंतर पाहतो. वेगवेगळ्या वेळच्या, वेगवेगळ्या मिक्सरच्या पाच बॅच आणि निकाल २९.१, २९.३, २९.०, २९.२, २९.२ असे ओळीत उभे, तर ते पंधराही क्यूब एकाच बॅचमधून भरलेले असावेत. एम२५ ला कोडच ४ चं डेव्हिएशन गृहीत धरतं, साइटच्या मिक्सरवर इतकी शिस्त कुठून येणार. अशा वेळी मी पोत्यांची वही मागतो. पाचही सॅम्पलची वेळ सकाळी साडेसात ते आठ असली की पुढे काही विचारावं लागत नाही.

पुढच्या मजल्याला रेडीमिक्स आणायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा की सतत चालणाऱ्या प्लँटच्या मालाला किती सॅम्पल घ्यायची हे पुरवठादार आणि तुम्ही आपसात ठरवू शकता, कोड तशी मोकळीक देतो. ते ऑर्डर देतानाच लिहून घ्या आणि या तक्त्याखाली जाऊ नका. प्लँटवर भरलेले त्यांचे क्यूब त्यांच्यासाठी. तुमचे तुमच्या गेटवर, गाडीतून पडत्या मालातून भरायचे.